शंभर मीटरचे तुकडे: वेग घेणं नेमकं कुठं संपतं?

४ जानेवारी २०२५, शनिवार

पुतणी सतरा वर्षांची आहे, शंभर मीटर पळते. घरात गेले पंधरा दिवस एकच वाद चाललाय. तिचे सर म्हणतात, ‘पोरगी वेग घ्यायला वेळ लावते, सुरुवात सुधारा.’ ती म्हणते, ‘काका, सुरुवात बरी आहे, शेवटी पाय जड होतात.’ मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनला आहे. माझ्या धंद्यात दोन माणसं दोन गोष्टी बोलायला लागली की पार्ट मोजायला घेतात. म्हणून ठरवलं, हेही मोजू.

स्टॉपवॉचवर फक्त शेवटचा आकडा मिळतो. दोन मुली अगदी सारख्या वेळेत शंभर मीटर पळू शकतात, पण एक झपकन वेग घेऊन पुढं ढिली पडलेली असते आणि दुसरी सावकाश वेग घेऊन शेवटपर्यंत टिकलेली असते. दर १० मीटरला लागलेला वेळ, म्हणजे स्प्लिट, हातात आला तर शर्यत फोडून बघता येते: वेग वाढतोय तो भाग, सर्वोच्च वेगाचा भाग आणि शेवटची घसरण. आमच्याकडं टायमिंग गेट, म्हणजे धावपटू समोरून गेला की आपोआप वेळ नोंदवणारी यंत्रं, नाहीत. फोन आहे, ट्रायपॉड आहे, बांबूच्या काठ्या आहेत, मेजर टेप आहे.

मांडणी अशी: कॅमेरा ५० मीटरच्या रेषेसमोर, तिच्या लेनपासून २५ मीटर आत. लेनच्या बाजूला, तिच्यापासून अडीच मीटरवर, दर १० मीटरला एक काठी. ट्रायपॉडवर फोन फिरवत तिला टिपायचं आणि कंबर ज्या फ्रेममध्ये काठीला लागते ती फ्रेम मोजायची. नाक, हात, छाती नको. सुरुवातीला अंग वाकलेलं असतं आणि नंतर सरळ होतं, त्यामुळं छाती सुरुवातीला कंबरेच्या बरीच पुढं असते आणि हा फरक कमी होत जातो. कंबर त्यातल्या त्यात स्थिर.

५ जानेवारी, रविवार

पहाटे चांगलाच गारठा. सकाळी साडेसातला मैदानावर फक्की मारली, काठ्या रोवल्या. सरांनी क्लॅपर वाजवला, ती पळाली, मी फोन फिरवला. संध्याकाळी घरी फ्रेम मोजल्या.

व्हिडिओ साधा, सेकंदाला ३० फ्रेमचा. ४० ते ५० मीटरला ३९ फ्रेम, ५० ते ६० ला ३८, ६० ते ७० ला ४०, ७० ते ८० ला पुन्हा ३९. वेगात मांडलं तर सेकंदाला ७.६९ मीटर, मग ७.८९, मग ७.५०, मग परत ७.६९. माणूस असा पळत नाही. पूर्ण वेगात असलेलं पन्नास किलोचं शरीर एका सेकंदात इतका वेग गमावून पुढच्या सेकंदात परत मिळवत नाही. हा खडबडीतपणा तिच्या पायातला नाही, माझ्या मोजपट्टीतला आहे. एक फ्रेम म्हणजे ०.०३३ सेकंद आणि या वेगाला एक फ्रेम इकडची तिकडं झाली की वेग ०.२ ने हलतो. जो फरक शोधायचाय तोच मुळी एवढा आहे. मिलिमीटरच्या पट्टीनं शतांशाचा टॉलरन्स तपासायला बसल्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. व्हिडिओवरून शंभर मीटरला १३.८ सेकंद आले, सरांच्या घड्याळात १३.१. पुतणीचा चेहरा पडला. ‘काका, मी इतकी हळू पळाले?’ म्हटलं, थांब जरा, तू नाही, मी कुठंतरी चुकलोय.

७ जानेवारी

चूक सापडली. काठ्या मी टेप धरून बरोबर १०, २०, ३० वर रोवल्या होत्या. पण काठी तिच्या लेनवर नाही, लेनच्या अडीच मीटर अलीकडं आहे आणि कॅमेरा एका जागेवरून तिरपा बघतोय. कॅमेऱ्याला काठी आणि कंबर एका रेषेत दिसतात तेव्हा कंबर प्रत्यक्षात काठीच्या पलीकडं, मध्यापासून आणखी लांब असते.

हिशोब साध्या समरूप त्रिकोणांचा आहे. कॅमेऱ्यापासून काठ्यांची रांग २२.५ मीटर, तिची लेन २५ मीटर, गुणोत्तर ०.९. दहा मीटरची खूण मध्यापासून ४० मीटर दूर, म्हणून तिची काठी मध्यापासून ३६ मीटरवर, म्हणजे सुरुवातीपासून १४ मीटरवर हवी. मी ती १० वर ठेवली होती. त्यामुळं ती प्रत्यक्षात ५.६ मीटरवर असताना व्हिडिओत ‘दहा मीटर’ दिसत होतं आणि शंभरची काठी तिनं १०५.६ मीटरला ओलांडली. आता काठ्या १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ अशा दर ९ मीटरवर येतील, शेवटची ९५ वर.

ही चूक खडबडीत नाही, गुळगुळीत आहे, म्हणून ती जास्त वाईट. पहिला सोडून प्रत्येक तुकडा सारखाच, ११.१ मीटरचा झाला होता. आलेख बघून काहीच कळलं नसतं, फक्त सगळे वेग दहा टक्के कमी आले असते. स्टॉपवॉच शेजारी होतं म्हणून पकडलं गेलं.

याच त्रिकोणातून अजून एक मर्यादा निघते. ती पळताना २० सेंटीमीटर आडवी सरकली तर १० मीटरच्या काठीला तोच फरक पळण्याच्या दिशेत ३२ सेंटीमीटर दिसतो, म्हणजे चारेक शतांश सेकंद. मधल्या काठ्यांना हा त्रास जवळजवळ नाही, टोकांना सगळ्यात जास्त. म्हणून सरांना सांगितलंय, तिला लेनच्या मधोमध फक्कीची रेष मारून द्या आणि त्या रेषेवरून पळू द्या.

१२ जानेवारी, रविवार

काठ्या नव्या जागी. फोन स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम. साडेसातच्या उजेडात फ्रेम धुरकट येत होत्या, कंबरेची कड नीट दिसेना, म्हणून साडेआठपर्यंत थांबलो. तोवर तिनं वॉर्मअप केला.

क्लॅपरचा आवाज हे शून्य धरून, प्रत्येक काठीला लागलेला वेळ असा आला: २.२४, ३.५४, ४.७५, ५.९३, ७.१०, ८.२६, ९.४३, १०.६२, ११.८३ आणि शंभरला १३.०६. सरांच्या घड्याळात १३.१. जीव भांड्यात पडला.

वजाबाकी करून स्प्लिट काढले. पहिल्या दहा मीटरला २.२४, मग १.३०, १.२१, १.१८, १.१७, १.१६, १.१७, १.१९, १.२१, १.२३. सर लगेच म्हणाले, ‘बघा, सगळ्यात कमी वेळ पन्नास ते साठमध्ये. म्हणजे साठपर्यंत ती वेगच घेतेय. मी काय म्हणत होतो?’

मला हे पटलं नाही. १.१७, १.१६, १.१७ यांत शतांशाचा फरक आहे. दोन फ्रेम चुकल्या तरी जवळपास तेवढाच पडतो. सगळ्यात लहान आकडा कुठल्या घरात पडतो हे अशा वेळी नशिबावर असतं. उद्या परत मोजलं तर तो ४० ते ५० मध्येही पडेल. शिवाय स्प्लिट हा दहा मीटरचा सरासरी वेग सांगतो. त्या दहा मीटरच्या आत काय झालं, ते त्याला माहीत नसतं. एका सगळ्यात लहान घरावर बोट ठेवण्यापेक्षा सगळ्या बिंदूंना मिळून काय म्हणायचंय ते बघायला हवं.

१३ जानेवारी

त्यासाठी जुनं आणि साधं मॉडेल आहे. ए. व्ही. हिल आणि सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये धावपटूच्या अंगाला चुंबक बांधून आणि वाटेच्या कडेला तारेची वेटोळी उभी करून वेग मोजले. त्यांना दिसलं की वेग सुरुवातीला झपाट्यानं चढतो आणि सर्वोच्च वेगाजवळ जाता जाता चढण मंदावते. उरलेली तफावत ठरावीक वेळात ठरावीक प्रमाणात घटते.

दोन आकडे पुरतात. `v` म्हणजे तिचा सर्वोच्च वेग. `tau` म्हणजे तो गाठण्याची चाल: `tau` इतक्या सेकंदांत ती सर्वोच्च वेगाच्या ६३ टक्क्यांवर पोचते, त्याच्या तिप्पट वेळात ९५ टक्क्यांवर. `tau` लहान तर वेग लवकर चढतो. तिसरा आकडा `t0`, घड्याळ सुरू झाल्यापासून ती खरोखर हलेपर्यंतचा वेळ.

कॉम्प्युटरच्या आधी कागदावर केलं. आडवं अंतर, उभा वेळ. पन्नास ते सत्तरमधले बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आहेत, दर दहा मीटरला १.१६५ सेकंद, म्हणजे वेग ८.५८. ती रेष पट्टी धरून मागं वाढवली की शून्य मीटरवर १.२७ सेकंदाला लागते. या १.२७ चा अर्थ समजला आणि मला सगळा विषयच उलगडल्यासारखं झालं. ती पहिल्या क्षणापासून सर्वोच्च वेगात असती तर ही रेष शून्यातून निघाली असती. वेग घेण्यात आणि सुरुवातीच्या उशिरात मिळून तिचे जेवढे सेकंद गेले, तेवढीच ती वर सरकलीय. म्हणजे १.२७ ही `t0` आणि `tau` यांची बेरीज आहे.

सर म्हणाले, प्रतिक्रियेला ०.२० धरा, पोरी तेवढा घेतातच. म्हणून `tau` १.०७. सुरुवात चांगलीच झाली की! पुतणीला फोन करून सांगितलं, ती खूष.

रात्री पडताळा घेतला. हे आकडे मॉडेलमध्ये घालून मागं आलो तर १० मीटर २.२८ ला यायला हवे होते. प्रत्यक्षात २.२४. वीस मीटरला दीड शतांशाचा फरक, तीसपासून पुढं काहीच नाही. सगळा बिघाड पहिल्या दोन बिंदूंत. झोपेपर्यंत तेच डोक्यात.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ घ्यायला सर घरी आले, त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला. `t0` साठी ०.२० गृहीत न धरता तोही आकडा बिंदूंवरूनच काढला. आला ०.०५ सेकंद.

सर बघतच राहिले. नियमानं ०.१०० सेकंदाच्या आत हललं तर तो फॉल्स स्टार्ट, कारण आवाज कानातून मेंदूत आणि मेंदूतून पायात पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो असं धरलं जातं. तिनं काही आधी हालचाल केली नव्हती, मी स्वतः बघितलंय. मग घड्याळच उशिरा सुरू झालं असणार.

आणि तसंच होतं. क्लॅपर सुरुवातीच्या रेषेवर, फोन ५० मीटर पुढं आणि २५ मीटर बाजूला. दोघांतलं सरळ अंतर ५६ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे फोनच्या माइकपर्यंत यायला ०.१६ सेकंद. व्हिडिओ परत सावकाश बघितला: क्लॅपरच्या फळ्या एकमेकींना लागल्यानंतर ३९ फ्रेमनी आवाज येतो. ३९ भागिले २४० बरोबर ०.१६. ती क्लॅपरच्या शेजारी होती, तिला आवाज लगेच ऐकू आला. माझ्या फोनला मात्र तेवढा उशिरा.

ही व्हर्नियरची झीरो एरर झाली. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तिचं वागणं विचित्र आहे. सगळ्या वेळा ०.१६ ने कमी आल्या, पण स्प्लिट वजाबाकीनं निघतात, म्हणून दुसऱ्या स्प्लिटपासून दहाव्यापर्यंत एकही आकडा बदलला नाही. सर्वोच्च वेग बदलला नाही. घसरण बदलली नाही. बिघडला फक्त पहिला स्प्लिट, आणि `t0` आपल्या मनानं धरल्यामुळं ती सगळी चूक सरळ `tau` च्या खात्यात गेली. सुरुवात चांगली दिसली ती तेवढ्यामुळं. आणि सरांच्या घड्याळाशी जमलेलं १३.०६? हाताच्या घड्याळात वेळ सहसा थोडा कमीच लागतो. दोन चुका एकाच बाजूला पडल्या आणि आम्हाला त्या पुरावा वाटल्या.

यापुढं शून्य म्हणजे फळ्या लागलेली फ्रेम. दुरुस्त वेळा: २.४०, ३.७०, ४.९१, ६.०९, ७.२६, ८.४२, ९.५९, १०.७८, ११.९९, १३.२२.

१६ जानेवारी

कागदावर रेष परत मागं नेली, आता १.४३. पट्टी आणि अंदाज यांच्यावर `t0` ०.२३ आणि `tau` १.२० धरले तर सत्तर मीटरपर्यंतचे सगळे बिंदू एका शतांशात बसतात. मग हेच कॉम्प्युटरवर:

```python
import numpy as np
from scipy.optimize import curve_fit

x = np.arange(10, 80, 10)
t = np.array([2.40, 3.70, 4.91, 6.09, 7.26, 8.42, 9.59])

def dist(t, v, tau, t0):
    s = t - t0
    return v * (s - tau * (1 - np.exp(-s / tau)))

p, cov = curve_fit(dist, t, x, p0=[8.5, 1.2, 0.2])
print(p)
```

`v` सुमारे ८.६०, `tau` १.२४, `t0` ०.२१. हाताचा आणि यंत्राचा `tau` चार शतांशांनी वेगळा, पण बेरीज १.४३ आणि १.४५. हे होणारच. तीस मीटरच्या पुढच्या बिंदूंना फक्त बेरीज दिसते. त्यातलं उशिराचं किती आणि वेग घेण्याचं किती, हे पहिल्या दोन-तीन काठ्याच सांगू शकतात. दहा स्प्लिटची माहिती आहे असं वाटतं, पण वेग घेण्याबद्दल बोलणाऱ्या साक्षीदार जेमतेम तीनच.

`t0` म्हणजे प्रतिक्रियेचा वेळ नव्हे, हेही सरांना सांगितलं. ब्लॉकमध्ये बसलेली असताना कंबर रेषेच्या मागं असते, ते जादाचं अंतर कापायचा वेळ त्यात मिसळलेला आहे. ०.२१ बघून तिला ‘उशिरा उठतेस’ म्हणायचं नाही.

कोडमध्ये सातच बिंदू घेतलेत, ते विचार करून. मॉडेलमध्ये थकवा नाही. त्यातला वेग एकदा चढला की उतरत नाही. तीस ते शंभरच्या सगळ्या बिंदूंतून रेष काढून बघितली तर वेग ८.४५ येतो आणि मागची बेरीज १.३४, म्हणजे `tau` १.११. शेवटच्या तीस मीटरची घसरण सर्वोच्च वेगाला खाली ओढते आणि त्या बदल्यात सुरुवात चांगली दाखवते. ‘सुरुवात झकास, वेगच कमी’ असा निकाल लागला असता. सत्तरला थांबलो, कारण तिथपर्यंत मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत शतांशाच्या आत इकडंतिकडं हलते. ऐंशीला ती एकदम तीन शतांश होते आणि पुढं एकाच दिशेनं वाढत जाते. घसरण सुरू झाल्याची ती खूण.

१८ जानेवारी

आता मूळ प्रश्न: वेग घेणं कुठं संपतं? गणितात ते कधीच संपत नाही, वेग सर्वोच्चाच्या जवळ जवळ जात राहतो. रेघ आपल्यालाच मारावी लागते. ९५ टक्क्यांवर मारली तर ती २२ मीटरवर पडते, ९९ वर मारली तर ३९ मीटरवर. एकाच धावेतून ‘बावीस’ आणि ‘एकोणचाळीस’ अशी दोन उत्तरं, म्हणून नियम न सांगता आकडा सांगण्याला अर्थ नाही. मी ९९ घेतलाय. माझ्या मोजमापात एका स्प्लिटमध्ये शतांशाची शंका आहे, ती वेगाच्या साधारण एक टक्का भरते. त्याहून बारीक फरक मला दिसतच नाही, तर त्याला ‘अजून वेग वाढतोय’ कशाला म्हणायचं?

म्हणजे ४० पर्यंत वेग घेणं, ४० ते ७० सर्वोच्च वेग, ७० नंतर घसरण. सरांचे साठ मीटर नाहीत.

सरांनी चांगला प्रश्न विचारला. ‘बोल्ट साठच्या पुढं सर्वोच्च वेगाला जातो म्हणतात. ही चाळीसलाच पोचली, मग ही त्याच्याहून लवकर वेग घेते का?’ बर्लिनमध्ये १६ ऑगस्ट २००९ ला ९.५८ पळाला, त्याचे दर वीस मीटरचे वेळ प्रसिद्ध आहेत: २.८९, ४.६४, ६.३१, ७.९२, ९.५८, प्रतिक्रिया ०.१४६. सगळ्यात वेगवान तुकडा ६० ते ८०, तिथं १.६१ सेकंद, म्हणजे १२.४२ चा वेग. त्याचीही रेष मागं नेली: १.४८, त्यातून प्रतिक्रिया वजा करून `tau` १.३३ च्या आसपास. तिच्या १.२४ हून फार लांब नाही. पण ९९ टक्के वेगाला पोचण्याचं अंतर म्हणजे `v` गुणिले `tau` च्या साधारण ३.६ पट. तिचं ३९, त्याचं ६०. वेळ जवळपास सारखाच, पण मोठा वेग घेताना त्या वेळात अंतर जास्त कापलं जातं. लवकर ‘संपणं’ म्हणजे चांगली सुरुवात नव्हे. गाठायचा वेग लहान असला तरी ते लवकर संपतं. सुरुवातीचा जोर बघायचा तर `v` भागिले `tau`: तिचा ६.९, त्याचा ९.३.

१९ जानेवारी, रविवार

तिच्याकडून दोनदा पळवलं, मध्ये पंचवीस मिनिटं विश्रांती. रिपीटेबिलिटी, म्हणजे परत मोजलं तरी तोच आकडा येतो का, हे बघितल्याशिवाय आमच्याकडं गेज पास करत नाहीत. तीन धावा मिळून `v` मध्ये ०.०५ चा फरक, बेरजेत दोन शतांशांचा. `tau` एकटा मात्र १.१७ ते १.२६ हलला. म्हणजे पुढच्या महिन्यात `tau` पाच-सहा शतांशांनी सुधारला तरी मी ते सुधारणा म्हणून लिहिणार नाही.

२० जानेवारी

सरांबरोबर तासभर बसलो. मॉडेलप्रमाणे घसरण झाली नसती तर ती १३.०८ ला आली असती, म्हणजे शेवटच्या तीस मीटरनं तिचे साधारण ०.१४ सेकंद घेतले. `tau` पाच शतांशांनी घटला तर तेवढेच पाच शतांश वाचतात. आणि सर्वोच्च वेग ८.६ चा ८.८ झाला, `tau` तोच राहिला, तर ०.२६ सेकंद. यातली गोम सरांनीच सांगितली: `tau` तोच ठेवून `v` वाढवायचा म्हणजे सुरुवातीचा जोरही तेवढाच वाढवावा लागतो, तो फुकट येत नाही.

तरी त्यांनी वेळापत्रक बदललं. आठवड्याचे दोन ब्लॉक स्टार्टचे दिवस होते, त्यातला एक आता ‘फ्लाइंग थर्टी’चा. चाळीस मीटर धाव घेऊन वेगात यायचं आणि पुढचे तीस मीटर पूर्ण ताकदीनं. चाळीस हा आकडा आमच्या आलेखातून घेतलाय. आधी ते वीस मीटरवरूनच सोडायचे आणि ती मोजायच्या पट्ट्यातही वेगच घेत असायची. पुतणी बाजूला बसून बुटाचे स्पाइक घासत होती. म्हणाली, ‘म्हणजे पाय जड होतात ते खरं होतं ना, काका?’ सर म्हणाले, ‘खरं होतं, बाळ.’

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून मैदानावर. `tau` हलतो कारण पहिल्या वीस मीटरमध्ये काठ्याच कमी आहेत, म्हणून दोन वाढवल्या. पाच मीटरची खूण मध्यापासून ४५ मीटर, त्याच्या ०.९ पट ४०.५, म्हणून काठी सुरुवातीपासून ९.५ वर. पंधराची तशीच १८.५ वर.

पळायच्या आधी १२ तारखेच्या आकड्यांवरून वहीत लिहून ठेवलं होतं: पाच मीटर १.६४ ला यावेत. आज १.६६ आले आणि दहा मीटर २.४१. आजची तिची कंबर पाचच्या काठीपाशी अर्धी हाताआड जाते, त्यामुळं दोन-तीन फ्रेमची शंका आहे. पुढच्या रविवारी तिच्या शॉर्ट्सच्या कडेला कंबरेपाशी पिवळी चिकटपट्टी लावायची.